नव्वद, सात आणि चार

माझी एक पुतणी कायद्याच्या पदव्युत्तर वर्गात आहे. निरनिराळ्या धर्मांत कायद्याचा युक्तिवाद कसा चालतो, यावर तिला एक तुलनात्मक निबंध लिहायचा होता. दिवाळीला घरी आली तेव्हा फराळाच्या ताटासमोर बसून तिने सरळ विचारले, ‘‘काका, कुराण एक, पैगंबर एक, मग त्यांच्यात हनफी, मालिकी, शाफई, हंबली असे चार पंथ कशाला? आणि चौघेही एकमेकांना बरोबर मानतात म्हणे! हे कसे काय?’’

मी काही मौलवी नाही. आयुष्य बँकेत गेले, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण या प्रश्नाशी माझी गाठ चाळीस वर्षांपूर्वी पडली आहे आणि तिचे ओझे अजून मनावर आहे. तेव्हा पुतणीला जे सांगितले तेच इथे सांगतो.

गोष्ट १९८५ ची. सावलीच्या शाखेत मी नवा अधिकारी होतो. भाताची कापणी आटोपत आलेली, काउंटरवर गर्दी. त्या गर्दीत तिशीची एक मुसलमान बाई पासबुक घेऊन उभी होती. पासबुक नवऱ्याच्या नावाचे. १९८१ साली तेंदूपत्त्याच्या हंगामात तो मालमोटारीवर सिरोंच्याच्या बाजूने पलीकडे गेला, तो परतलाच नाही. तेव्हा त्याचे वय बत्तीस, हिचे सव्वीस. पत्र नाही, निरोप नाही. खात्यात हजारावर काही रुपये होते. ती म्हणाली, ‘‘साहेब, मानूस मेला का जिता हाय, हे मले कोन सांगन? कवापर्यंत वाट पाहू?’’

मी नियम सांगितला. सात वर्षे बेपत्ता असल्याशिवाय माणूस मेला असे कायदा धरत नाही; अजून तीन वर्षांनी या. ती मान हलवून गेली. मी पुढच्या माणसाचे पासबुक हातात घेतले.

तिने एक नव्हे, दोन प्रश्न विचारले होते, हे माझ्या ध्यानात आले नाही. एक पैशाचा होता. दुसरा तिच्या आयुष्याचा होता. तिला मागणी आली होती. मोहल्ल्यातल्या एका वृद्ध जाणत्याने तिला सांगितले होते की नवरा नव्वद वर्षांचा होईपर्यंत तू त्याची बायको. मग बँकेतल्या साहेबाने सात सांगितले, तेव्हा तिला ते सातच दयेचे वाटले. ती तीन वर्षे थांबली. १९८८ मध्ये ती आली तेव्हा मागणी घालणाऱ्याचे दुसरीकडे लग्न होऊन मूलही झाले होते. त्याच सुमारास चंद्रपूरच्या एका वकिलाने मला सहज सांगितले, ‘‘अहो, लग्नासाठी सात कशाला? चार! ती पहिल्यांदा तुमच्याकडे आली त्या दिवशीच दावा लावू शकली असती.’’

नव्वद, सात, चार. तीन माणसांनी तीन आकडे सांगितले आणि तिन्ही कुठे ना कुठे लिहिलेले होते. हे आकडे आले कुठून, याचा शोध घेताना मला मुसलमानी धर्मशास्त्राचे पंथ प्रथम समजू लागले.

आधी एक साधी गोष्ट. हे पंथ आपल्या महाराष्ट्रातच शेजारी शेजारी नांदतात. विदर्भ-मराठवाड्यातले सुन्नी मुसलमान बहुतेक हनफी. उत्तरेकडून खुष्कीच्या मार्गाने जो इस्लाम आला त्याच्याबरोबर तो पंथ आला. कोकणी मुसलमान शाफई. त्यांचा संबंध समुद्रातून, अरबी किनाऱ्याशी. म्हणून रत्नागिरीकडच्या शाफई घरात मासळीखेरीज समुद्रातले इतर जीवही शिजतात, तर आमच्याकडे धानाच्या बांधीतला खेकडा हनफी घरात शास्त्राप्रमाणे चालत नाही. दोघांचे कुराण एकच आणि समुद्राची शिकार त्यात मोकळी ठेवली आहे. शाफई म्हणतात, शब्द व्यापक आहे, तो व्यापकच ठेवा. हनफी म्हणतात, दुसऱ्या आयतीत किळसवाण्या गोष्टी निषिद्ध केल्या आहेत आणि पैगंबरांच्या वचनात मासळीचेच नाव आहे, तेव्हा या शब्दाचा अर्थ मासळीपुरता घ्या. दोघेही आज्ञा पाळतात. मतभेद आहे तो शब्दाची व्याप्ती ठरवण्याचा.

समुद्राच्या शिकारीबाबत निदान शब्द तरी आहे. बेपत्ता नवऱ्याबाबत कुराणात थेट शब्दच नाही. विधवेने चार महिने दहा दिवस इद्दत पाळावी, हे स्पष्ट आहे. दुसऱ्याची पत्नी असलेल्या स्त्रीशी लग्न नको, हे स्पष्ट आहे. बायकोला छळण्यासाठी अडकवून ठेवू नका, हेही आहे. पण जी धड विधवा नाही आणि धड सधवाही नाही, तिचे काय? ही जागा कोरी आहे, आणि पंथ जन्माला येतात ते अशा कोऱ्या जागी.

कोरी जागा भरायची तर आधी जुना निवाडा शोधायचा. इथे दोन सापडतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दुसरे खलिफा उमर यांच्या नावावर निवाडा आहे की, बाईने चार वर्षे थांबावे, मग विधवेची इद्दत पाळावी आणि मोकळे व्हावे. चौथे खलिफा अली यांचे मत असे नोंदले आहे की, या बाईवर संकट आले आहे, तिने मृत्यूची किंवा तलाकची बातमी येईपर्यंत धीर धरावा. दोघेही पैगंबरांचे निकटचे सोबती. आता कोणाचे घ्यायचे?

मदिनेच्या इमाम मालिक यांनी उमरचा निवाडा घेतला. त्यांचे निधन ७९५ सालचे. पैगंबरांच्या गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या जसे वागत आले, तो आचार हाच त्यांच्या मते मोठा पुरावा. एखाद्याने सांगितलेल्या आठवणीपेक्षा साऱ्या गावाची वहिवाट खरी. आपल्याकडे गावच्या पाटाचे पाणी कोणाच्या वावरात आधी जायचे, याचा कागद नसतो; पण म्हातारी माणसे बोट दाखवतात आणि तंटा मिटतो, तशातला हा प्रकार. उमरने निवाडा केला तो मदिनेत बसून, आणि मालिकना तो तिथल्या परंपरेतून मिळाला. शिवाय मालिकी पंथाने बाईची हानी तराजूत घातली. तिला पोटगी नाही, सोबत नाही, आणि चूक तर तिची मुळीच नाही.

इमाम अबू हनीफा कूफ्याचे, आजच्या इराकातले. त्यांचे निधन ७६७ चे. पेशाने ते कापडाचे व्यापारी. कूफा म्हणजे छावणीतून वाढलेले नवे शहर. नाना जमातींची माणसे, आणि पैगंबरांच्या नावावर खपवली जाणारी बनावट वचनेही पुष्कळ. तिथे गावाच्या वहिवाटीवर विसंबता येत नव्हते आणि एकट्यादुकट्याने सांगितलेल्या आठवणीवरही नाही. म्हणून त्यांच्या परंपरेने भर दिला तो तर्काच्या शिस्तीवर. त्यातला एक नियम असा, की जे खात्रीने होते ते शंकेने संपत नाही. माणूस जिवंत होता, लग्न झाले होते, ही खात्री. तो मेला असेल, ही शंका. शंकेने खात्री कशी मोडणार? तेव्हा त्याच्या वयाचे लोक मरून जाईपर्यंत तो जिवंतच धरायचा. ही मर्यादा वर्षांत सांगताना हनफी आचार्यांचेच एकमत झाले नाही. कोणी एकशेवीस म्हटले, कोणी शंभर, कोणी नव्वद. आणि हे मोजायचे त्याच्या जन्मापासून. उमरच्या निवाड्याचे काय, असे विचारले तर हनफी ग्रंथ म्हणतात की उमरनी पुढे मत बदलून अलींचे मान्य केले. म्हणजे वाद दयेचा नाही, पुराव्याचा आहे.

बँकेतल्या माणसाला हनफी युक्तिवादाची पुढची पायरी फार आवडेल. ते म्हणतात, जिवंत असल्याचे हे गृहीत म्हणजे ढाल आहे, तलवार नव्हे. बेपत्ता माणसाचे जे आहे ते राखण्यापुरता तो जिवंत. त्याचे शेत वाटायचे नाही. पण नवे मिळवण्यापुरता तो जिवंत नाही. मध्यंतरी त्याचा बाप वारला तर त्याच्या हिश्शाचे त्याला देऊन टाकायचे नाही, बाजूला अनामत ठेवायचे. आमच्या खातेवहीत अशा रकमांसाठी वेगळे पान असे. पैशाबाबत ही शिस्त चोख आहे. अडचण एवढीच की त्याच पानावर बायकोलाही अनामत ठेवले गेले.

तिसरे इमाम शाफई. हे मालिकांचे शिष्य, आणि कूफ्याच्या परंपरेतल्या विद्वानाकडेही शिकलेले. इराकात असताना त्यांचे मत चार वर्षांचे होते. पुढे इजिप्तला गेल्यावर त्यांनी ते बदलले आणि मृत्यूची खात्री होईपर्यंत थांबावे असे म्हटले. गावची वहिवाट ही पैगंबरांच्या वचनाची जागा घेऊ शकत नाही, हा त्यांचा आग्रह पुढे पक्का होत गेला, हे लक्षात घेतले म्हणजे हा बदल अनाकलनीय वाटत नाही. एकाच माणसाची दोन मते शाफई ग्रंथ आजही ‘जुने’ आणि ‘नवे’ म्हणून शेजारी मांडतात.

चौथ्या, हंबली पंथाने वेगळाच प्रश्न विचारला. माणूस गेला कसा? जिथे मरण संभवते, जसे लढाई किंवा बुडालेली नाव, तिथे चार वर्षे. जिथे सुखरूप असणे संभवते, जसे व्यापार किंवा विद्येसाठी केलेला प्रवास, तिथे नव्वदीपर्यंत थांबणे. म्हणजे आमच्या बाईचा नवरा वैनगंगेच्या पुरात डोंगा उलटून गेला असता तर चार. मालमोटारीवर बसून धंद्याला गेला, म्हणून नव्वद.

आता तिचा हिशेब मांडून पाहू. नव्वदीच्या नियमाने नवऱ्याची नव्वदी भरणार २०३९ मध्ये. तेव्हा ती चौऱ्याऐंशी वर्षांची. मालिकी नियमाने तिने काझीकडे जायचे, काझीने तपास करायचा, आणि आशा संपल्यावर तिथून चार वर्षे धरायची. १९८५ ला गेली असती तर साधारण १९८९ च्या अखेरीस, अधिक इद्दत. पोटापाण्याची सोय नसेल तर मालिकी पंथात याहून लवकर सुटकेचीही वाट आहे. गंमत अशी की हेच मालिकी, त्याच माणसाची इस्टेट वाटायची वेळ आली की चार वर्षांवर थांबत नाहीत; तो साधारण सत्तरीचा होईपर्यंत थांबायला सांगतात. शेत वाट पाहू शकते, बाई पाहू शकत नाही. एकाच पंथात एकाच माणसासाठी दोन आकडे, कारण प्रश्न दोन.

हे मला कळले तेव्हा माझी चूक कळली. सातचा आकडा मूळ इंग्रजी कायद्याचा. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये तो होता आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ मध्ये तो आहे. पैशाच्या दाव्यात मुसलमानांनाही तो लागतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १८८४ मध्येच ठरवले की नव्वद वर्षांचा नियम हा वारसाचा नव्हे, पुराव्याचा नियम आहे, आणि पुराव्याचे नियम आता सरकारी कायद्याचे. म्हणजे माझे सात बरोबर होते, पण ते पासबुकापुरते.

मग लग्नाचे चार कुठून आले? हा सगळ्यात बोधप्रद भाग आहे. हनफी पंथाने आपल्या नव्वदीला दार ठेवलेच नव्हते असे नाही. दमास्कसचे मोठे हनफी पंडित इब्न आबिदीन यांनी एकोणिसाव्या शतकात नमूद केले आहे की गरज पडल्यास मालिकी मतावर निर्णय द्यायला हरकत नाही. पण आपल्याकडे कोर्टात इंग्रज न्यायाधीश बसले. त्यांच्यापुढे बाराव्या शतकातल्या ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे १७९१ चे इंग्रजी भाषांतर. पुस्तकात लिहिले ते पुस्तकात राहिले. मुफ्तीजवळ जो तारतम्याचा अधिकार होता तो पुस्तकातून भाषांतरित झाला नाही. दरवाजा असा बंद झाल्यावर काही बायकांनी भिंतीलाच भोक पाडले. धर्म सोडला की हनफी नियमाने लग्न आपोआप तुटते. तेव्हा नवऱ्यापासून सुटण्यासाठी त्या धर्मच सोडू लागल्या. पंजाबातल्या अशा प्रकरणांचा उल्लेख कवी इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत केला आहे.

याने हादरून मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत एक ग्रंथ सिद्ध केला. स्वतः कट्टर हनफी; पण त्यांनी मदिनेच्या मालिकी विद्वानांना पत्रे पाठवून त्यांच्या पंथातले नियम बारकाव्यांसह मागवले आणि बेपत्ता नवऱ्यासारख्या प्रसंगी हनफींनी ते वापरावेत असे सांगितले. नियम उसना घेताना त्याच्या अटीही पूर्ण घ्यायच्या, सोयीचे तेवढे तोडून आणायचे नाही, हा त्यांचा कटाक्ष. पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आले आणि १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या कलमातले पहिलेच कारण म्हणजे नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसणे. नवऱ्याच्या वारसांना नोटीस द्यायची, त्याचा चुलता आणि भाऊ असल्यास त्यांनाही पक्षकार करायचे. हुकूमनामा झाला तरी सहा महिने तो अमलात येत नाही; तेवढ्यात नवरा हजर झाला आणि नांदवायला तयार आहे हे त्याने कोर्टाला पटवले, तर हुकूमनामा रद्द होतो. धर्म सोडल्याने लग्न आपोआप तुटते, ही वाटही त्याच कायद्याने मुसलमान जन्मलेल्या स्त्रियांपुरती बंद केली. एक मागणी मात्र मान्य झाली नाही. न्यायाधीश मुसलमानच असावा, असे उलेमांचे म्हणणे होते. ते वगळले गेले, आणि म्हणून कायदा होऊनही त्यांच्यापैकी अनेकांचे समाधान झाले नाही.

पुतणीने इथे मला अडवले. म्हणाली, ‘‘आपल्याकडे काय होते?’’ आपल्याकडे नारदस्मृतीत परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट किती पाहावी याचे आकडे आहेत. ब्राह्मण स्त्रीने आठ वर्षे, मूल नसेल तर चार. क्षत्रिय स्त्रीने सहा, नाही तर तीन. वैश्य स्त्रीने चार, नाही तर दोन. पुढे दुसऱ्या स्मृतींच्या जोरावर हे सारे मागे पडले आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सात वर्षे घातली. म्हणजे कोऱ्या जागा सर्वांच्याच शास्त्रांत आहेत. त्या भरताना आपल्याकडे जात आणि मूल पाहिले, हंबलींनी जाण्याची रीत पाहिली, मालिकींनी बाईची हानी, हनफींनी खात्री. तिला मी म्हटले, तुझ्या निबंधात ‘कोणाचा आकडा चांगला’ हे लिहू नकोस. प्रत्येक आकड्यापाशी दोन प्रश्न विचार. पुरावा म्हणून यांनी काय धरले? आणि चूक झालीच तर ती कोणाच्या अंगावर पडू दिली? हनफी नियम चुकला तर बाईचे आयुष्य जाते. मालिकी चुकला तर परत आलेल्या नवऱ्याचे घर जाते. चूक कोणाच्याच अंगावर पडत नाही, असा नियम नाही.

आपल्याकडे ‘शरियत म्हणते’ असे दोन प्रकारचे लोक बोलतात. एक तिला दगडावरची रेघ मानून नावे ठेवणारे, दुसरे तीच रेघ म्हणून मिरवणारे. दोघांनाही हा सगळा युक्तिवाद गैरसोयीचा आहे. माझ्या मते पंथांतला फरक हा त्या शास्त्राचा दोष नाही, ते शास्त्र विचार करीत होते याची ती खूण आहे. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ती मी सावलीत पाहिली. चार मते ग्रंथांत असून उपयोग नाही. ज्या बाईला त्यांची गरज आहे तिच्यापर्यंत त्यांतले एकच पोचते. कोणते, ते तिला भेटलेला माणूस ठरवतो.

१९८८ मध्ये कोर्टाचा कागद आल्यावर मी तिला पैसे दिले. व्याजासह मोजून दिले. तिने ते पदरात बांधले आणि म्हणाली, ‘‘साहेब, तुमचे सात भरले.’’ तिला टोमणा मारायचा नव्हता. वकिलाचे चार तेव्हा मला कळले होते. मी तिला ते सांगितले नाही.